ऑफिसच्या डब्यात गेमिंग कार्ड: नाशिकमधल्या एका ऑप्टिप्लेक्सचं प्रकरण

बारावी झालेला एक मुलगा आणि त्याचे वडील संध्याकाळी दुकानात आले. मुलाच्या हातात कापडी पिशवी, तीत उघडा संगणक, आणि संगणकातून एक ग्राफिक्स कार्ड निम्मं बाहेर आलेलं. वडील अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला. तिथे जुने संगणक बदलले तेव्हा काढलेल्या लॉटमधला एक त्यांनी घरी आणला होता. मुलाने वापरलेलं गेमिंग कार्ड ऑनलाइन साडेसहा हजारांना घेतलं आणि स्वतःच बसवलं. तक्रार एका वाक्याची होती : "काका, विंडोज नीट चालतं, पण गेम सुरू केला की मशीन धाडकन बंद पडतं आणि पॉवरचं बटण केशरी लुकलुकतं."

सिडकोतल्या माझ्या दुकानात असा प्रश्न महिन्यातून दोनतीनदा येतो. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून आणि इथल्या ऑफिसांतून निघालेले डेल, एचपी, लेनोव्होचे डबे गावभर पसरलेत. चार कोअरचा आय-5, आठ जीबी रॅम, एसएसडी, आणि किंमत एखाद्या बऱ्या मोबाइलच्या निम्मी. अभ्यासाला, टॅलीला, फोटोशॉपला मशीन उत्तम. मग घरातलं पोरगं विचारतं, यात कार्ड टाकलं तर गेम चालेल का? चालतो. पण कुठलं कार्ड चालेल हे कार्डाच्या जाहिरातीवरून ठरत नाही. डब्यातली जागा आणि डब्यातला वीजपुरवठा यांनी ते आधीच ठरवून ठेवलेलं असतं. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण एरवी वेगवेगळ्या मशीनमध्ये सुटेसुटे दिसणारे अडथळे इथे एकाच पिशवीतून आले.

मशीन होतं डेल ऑप्टिप्लेक्स 9020, एसएफएफ म्हणजे स्मॉल फॉर्म फॅक्टर. मॉनिटरखाली आडवं ठेवता येतं ते बुटकं मॉडेल. प्रोसेसर आय-5 4590, रॅमची आठ जीबीची एकच पट्टी, एक एसएसडी आणि डीव्हीडी ड्राइव्ह. पॉवर सप्लायवर 255 वॅटचं लेबल. कार्ड जीटीएक्स 1650, चार जीबी. इथपर्यंत मुलाचं गणित चुकलेलं नव्हतं. 1650 हे 75 वॅटचं कार्ड, बोर्डावरच्या ज्या स्लॉटमध्ये बसतं त्याच्याच विजेवर चालतं, असं त्याने वाचलं होतं आणि ते खरंही आहे. फक्त सगळ्या 1650 ना ते लागू नाही.

हे कार्ड 2019 मध्ये आलं तेव्हा त्यावर जीडीडीआर5 मेमरी होती. 2020 मध्ये त्याच नावाने जीडीडीआर6 मेमरीचं कार्ड आलं आणि त्यातल्या बऱ्याच कार्डांच्या कडेला सहा पिनांचा वेगळा पॉवर सॉकेट लागला. जुन्या मेमरीच्या काही ओव्हरक्लॉक केलेल्या कार्डांवरही तो असतो. खोक्यावरचं नाव तेच राहतं. मुलाच्या हाती सहा पिनांचं आलं. त्याने आधी प्लग न लावता मशीन सुरू करून पाहिलं, तर काळ्या पडद्यावर `Please power down and connect the PCIe power cable(s) for this graphics card` ही ओळ आली. मग त्याने डबा धुंडाळला, तसली वायर कुठेच नाही. शेवटी दीडशे रुपयांची साटा-टू-सिक्स-पिन वायर मागवली आणि डीव्हीडी ड्राइव्हचा पॉवर प्लग काढून तिला जोडला. कार्ड उंचीत मावेना म्हणून मागची पत्र्याची पट्टी काढून टाकली आणि झाकण कायमचं कपाटावर गेलं.

मी आधी ती वायर हातात घेतली. साटा प्लगच्या काळ्या प्लास्टिकला एका टोकाला तपकिरी छटा आली होती, नाकाजवळ नेल्यावर जळकट वास येत होता. खरं तर निदान तिथेच झालं होतं. पण गिऱ्हाईकासमोर वासावरून निकाल द्यायचा नसतो, म्हणून रीतसर तपासलं.

कार्ड आणि वायर काढून ठेवली. या मशीनच्या पॉवर सप्लायला मागच्या बाजूला एक छोटं तपासणीचं बटण असतं. मेनची वायर लावून ते दाबलं की शेजारचा दिवा हिरवा लागतो. नाही लागला तर सप्लाय गेला समजायचं. हिरवा लागला. मग मशीन स्वतःच्या अंगच्या ग्राफिक्सवर चालू करून प्रोसेसरवर तासभर पूर्ण ताण दिला. एकदाही बंद पडलं नाही. तेच कार्ड माझ्या टेबलावरच्या 450 वॅटच्या साध्या एटीएक्स सप्लायच्या मशीनला लावलं, तिथे सिक्स-पिन सरळ सप्लायमधून दिला. तासभर टेस्ट, काही नाही. सप्लाय चांगला, बोर्ड चांगला, कार्डही चांगलं. दोष या तिघांना जोडणाऱ्या वाटेत होता.

ती वाट कशी असते ते पाहायला हवं, कारण सारं घोडं तिथेच पेंड खातं.

असेंबल केलेल्या संगणकात पॉवर सप्लायमधून वायरींचा झुपका निघतो : बोर्डाला 24 पिनांचा मोठा प्लग, प्रोसेसरला वेगळा, ड्राइव्हना वेगळे आणि कार्डासाठी सहा किंवा आठ पिनांचे. सप्लाय 12, 5 आणि 3.3 अशी तिन्ही व्होल्टेज स्वतः बनवून देतो. ऑप्टिप्लेक्स 9020 च्या सप्लायमधून दोनच प्लग निघतात. आठ पिनांचा एक, बोर्डासाठी. चार पिनांचा एक, प्रोसेसरसाठी. बस. सप्लाय मुख्यतः 12 व्होल्ट देतो आणि 5 व 3.3 व्होल्ट बोर्ड स्वतःच्या अंगावर बनवतो. एसएसडी आणि डीव्हीडीला जाणारी बारीक वायर सप्लायमधून येतच नाही, ती बोर्डावरच्या एका छोट्या सॉकेटमधून निघते. कंपनीच्या दृष्टीने ही रचना शहाणपणाची आहे : वायरी कमी, डबा छोटा, वीज कमी. एचपीने त्याच पिढीत सहा पिनांचा प्लग वापरला, लेनोव्होने चौदा पिनांचा. प्रत्येकाची चूल वेगळी.

आता मुलाची वायर पाहा. ती बोर्डावरच्या त्याच बारीक वाटेतून कार्डाला वीज देत होती. साटाच्या पॉवर प्लगमध्ये 12 व्होल्टच्या तीन पिना असतात आणि एका पिनेची मर्यादा दीड अँपिअर. तिन्ही मिळून साडेचार अँपिअर, म्हणजे 54 वॅट. सहा पिनांच्या सॉकेटमधून कार्ड 75 वॅटपर्यंत मागू शकतं. आणि ते 54 हे प्लगचं झालं. बोर्डावरची ती वाट डीव्हीडीची मोटर आणि एखादी हार्डडिस्क फिरवण्यासाठी आखलेली, तिच्यावर इतका भार कुणी गृहीतच धरलेला नाही. डेस्कटॉपवर कार्ड दहाबारा वॅटवर बसलेलं असतं, म्हणून विंडोज नीट चालायचं. गेम लोड झाला की मागणी एकदम वाढायची, व्होल्टेज बसायचं आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद व्हायचं. केशरी दिव्याचा अर्थ तोच. दर वेळी बंद पडलं हे नशीब. बंद न पडता तासन्‌तास तापत राहिलं असतं तर बोर्डाच्या सॉकेटसकट जळालं असतं.

वडिलांनी विचारलं, "मग मोठा पॉवर सप्लायच बसवून टाका की, किती लागतात?"

प्रश्न वाजवी आहे आणि त्याचं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग जागेचा. या बुटक्या डब्यात सप्लायचा खण त्याच्याच मापाचा आहे, दुकानात मिळणारा एटीएक्स सप्लाय त्यात जात नाही. दुसरा भाग प्लगचा. 24 पिनांतून आठ पिनांत नेणारी कन्व्हर्टर वायर मिळते, डेलची वेगळी, एचपीची वेगळी, लेनोव्होची वेगळी. पण हे काम नुसतं पिना जुळवण्याचं नाही. मशीन बंद असतानाही बोर्डाला थोडी वीज लागते, तिला स्टँडबाय म्हणतात. पॉवरचं बटण दाबलेलं कळतं ते तिच्यामुळे. साधा एटीएक्स सप्लाय स्टँडबायला 5 व्होल्ट देतो, या बोर्डांना ती 12 च्या आसपास हवी असते. म्हणून चांगल्या कन्व्हर्टर वायरीच्या पोटात एक छोटा फुगवटा असतो, त्यात 5 चे 12 करणारं सर्किट असतं. फुगवटा नसलेली स्वस्त वायर घेतली की मशीन एक तर सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन झोपेतून उठत नाही. माझ्याकडे अशा दोन वायरी खिळ्याला टांगलेल्या आहेत, गिऱ्हाइकांना दाखवायला.

आणखी एक इशारा इथेच देतो. एचपीच्या आणि डेलच्याच नंतरच्या काही मॉडेलांत बोर्डाचा मुख्य प्लग सहा पिनांचा आहे आणि तो दिसायला कार्डाच्या सिक्स-पिनसारखाच दिसतो. आतली जोडणी पूर्ण वेगळी. बसतोय म्हणून खुपसू नका.

तिसरा मार्ग मुलाने स्वतःच सुचवला : बोर्ड काढून मोठ्या गेमिंग कॅबिनेटमध्ये टाकायचा. त्याला मी कागद-पेन दिलं आणि लिहायला लावलं. कॅबिनेट, एटीएक्स सप्लाय, कन्व्हर्टर वायर, नवा कूलर. कूलर का, तर मूळचा हीटसिंक त्याच्या डब्याच्या मापाने घडवलेला आणि पंख्याचा प्लग पाच पिनांचा, बाजारातला चार पिनांचा पंखा सरळ लागत नाही. समोरच्या पॉवर बटणाची वायरही कंपनीची स्वतःची. ती न लावता सुरू केलं तर मशीन दर वेळी `Alert! Front I/O Cable failure` म्हणून थांबतं आणि एफ1 दाबायला लावतं. बेरीज नऊ हजारांच्या वर गेली, तेव्हा मुलानेच पेन खाली ठेवलं. एवढं करून हाती काय, तर डीडीआर3 रॅमचा दहा वर्षांहून जुना बोर्ड, चकचकीत पेटीत. ज्याला जोडाजोडीची हौस आहे त्याने जरूर करावं. बापाच्या पगारातून करू नये, असं माझं मत आहे आणि ते मी बापासमोरच सांगितलं.

राहिला सरळ मार्ग : डबा आहे तसा ठेवायचा आणि स्लॉटमधून मिळेल तेवढ्याच विजेवर चालणारं, अर्ध्या उंचीचं कार्ड घ्यायचं.

स्लॉटची मर्यादा 75 वॅट आहे, त्यात 12 व्होल्टच्या वाटेने 66 आणि उरलेले 3.3 व्होल्टच्या वाटेने. ही मर्यादा पीसीआय एक्सप्रेसच्या मानकातली. बुटक्या ऑफिस मशीनना कंपनी स्वतःच्या कागदपत्रांत पुष्कळदा याहून कमी आकडा छापते, कारण तिला आतल्या गरमीचाही विचार करायचा असतो. 9020 एसएफएफमध्ये 75 वॅटची कार्डं चालवणारे पुष्कळ आहेत आणि माझ्या हातून बसलेलीही चालू आहेत. पण दुसऱ्या मॉडेलला हाच न्याय लावण्याआधी त्याच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटसमोर काय लिहिलंय ते वाचावं.

मग एकूण बेरीज. प्रोसेसर जास्तीत जास्त 84 वॅट धरला, कार्ड 75, आणि बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ढोबळ 30. झाले 189. सप्लाय 255 चा. पासष्टएक वॅट शिल्लक राहतात, वय झालेल्या सप्लायला तेवढी सवलत द्यायलाच हवी. हीच बेरीज आरटीएक्स 3060 घालून करा : कार्ड एकटं 170, एकूण 284. प्लगचा प्रश्न सुटला तरी सप्लाय पुरत नाही. मुलाचा डोळा खरा त्याच कार्डावर होता, पुढे कधीतरी घेऊ म्हणून. ते स्वप्न त्या कागदावरच संपलं.

अर्ध्या उंचीच्या, वेगळा प्लग नसलेल्या कार्डांत निवड फार नाही. जीटीएक्स 1050 टीआय सगळ्यात स्वस्त मिळतं, पण एनव्हिडियाने त्या पिढीला गेमसाठीचे नवे ड्रायव्हर देणं 2025 मध्ये थांबवलं, म्हणून मी आता ते सुचवत नाही. एएमडीचं आरएक्स 6400 फक्त 53 वॅट खातं आणि एकाच स्लॉटची जागा घेतं, हे त्याचं मोठं सुख. पण ते बोर्डाशी चारच लेनमधून, म्हणजे माहितीच्या चारच वाटांतून, बोलतं. नव्या बोर्डावर ते खपून जातं, चौथ्या पिढीच्या या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस 3.0 असल्यामुळे प्रत्येक लेनचा वेग निम्मा होतो आणि चार जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, आणि मुलाला खेळ रेकॉर्ड करून मित्रांना दाखवायचा होता. इंटेलची आर्क कार्डं रिसायझेबल बार ही सोय नसलेल्या बोर्डावर फार मंदावतात, आणि इतक्या जुन्या बोर्डावर ती सोय नसते. आरटीएक्स 3050 चं सहा जीबीचं मॉडेल 2024 मध्ये आलं, 70 वॅटचं, अर्ध्या उंचीतही मिळतं. या डब्यात बसणाऱ्यांत सगळ्यात चांगलं तेच. पैसे असते तर मी तेच घ्यायला सांगितलं असतं, कारण पुढच्या मशीनमध्येही ते कामाला येतं. पण बजेट वडिलांनी आधीच सांगितलं होतं : जुनं विकून येतील ते, वर तीन हजार.

मुलाचं कार्ड माझ्या एका गिऱ्हाइकाने साडेपाच हजारांना घेतलं. लॅमिंग्टन रोडच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून जीडीडीआर5 चं, प्लग नसलेलं, अर्ध्या उंचीचं वापरलेलं 1650 आठ हजारांत ठरलं. फोनवर त्याला दोन गोष्टी मुद्दाम विचारल्या. कडेचा फोटो पाठव, सिक्स-पिनचा सॉकेट दिसतोय का बघतो. आणि छोटी पट्टी आहे का? अर्ध्या उंचीचं कार्ड पुष्कळदा लांब पट्टी लावून विकलं जातं आणि छोटी पट्टी खोक्यात सुटी असते. वापरलेल्या कार्डाचं खोकं पहिल्या मालकाकडेच राहतं, पट्टीही त्याच्याबरोबर जाते. पट्टी नसेल तर कार्ड डब्यात लोंबकळत राहतं. व्यापाऱ्याने दोन दिवस शोधून पट्टी दिली तेव्हाच पैसे पाठवले.

कार्ड येईपर्यंत जागा मोजली. हे काम मी टेपने करत नाही, पुठ्ठ्याने करतो. अर्ध्या उंचीचं कार्ड बोर्डापासून सुमारे 69 मिलिमीटर उंच असतं (पूर्ण उंचीचं 111, म्हणूनच मुलाचं बाहेर डोकावत होतं). दोन स्लॉट मिळून जाडी 40 च्या आसपास. लांबी उत्पादकाप्रमाणे बदलते, आमच्या कार्डाची 170. एका जाड लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून, चिकटपट्टी लावून एवढ्या मापाची पेटी केली आणि ती स्लॉटवर ठेवून झाकण लावून पाहिलं. टेप सांगतो जागा किती आहे. कार्डाचं टोक नेमकं कशावर आदळेल हे पेटी सांगते. पेटी मावली, पण तिच्या पुढच्या टोकाने साटाची डेटा वायर मुडपली. काटकोनात वळलेल्या प्लगची वायर लावली, प्रश्न मिटला.

या डब्यात दोन स्लॉट आहेत आणि दोन्ही दिसायला लांबच. एक खरा सोळा लेनचा, दुसरा चार लेनचा. कार्ड सोळाच्या स्लॉटमध्ये आणि त्याचा पंख्यांचा भाग शेजारच्या स्लॉटवर, असं ते बसतं. सगळ्याच बुटक्या मॉडेलांत ही सोय नाही. काहींत सोळाचा स्लॉट अगदी कडेला असतो, त्याच्या पलीकडे थेट सप्लायची भिंत किंवा पत्रा. तिथे जाड कार्ड बसतच नाही आणि एका स्लॉटच्या कार्डावर समाधान मानावं लागतं. घेण्याआधी डबा उघडून हे बघितलं नाही, तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

कार्ड बसवण्याआधी प्रोसेसरची वाळलेली पेस्ट बदलली, पंख्यातली धूळ काढली. अंबडच्या शॉपफ्लोअरच्या ऑफिसातलं मशीन, धुळीत बारीक लोखंडी कीससुद्धा होता. बायोसमध्ये बूट मोड `UEFI` असल्याची खात्री केली. कार्ड बसवलं, मॉनिटर लावायला गेलो, तर मॉनिटर ऑफिसचाच, फक्त व्हीजीएचा. कार्डावर व्हीजीए नाही. लोक अशा वेळी व्हीजीएची वायर बोर्डाच्या जुन्या सॉकेटला लावतात आणि एक तर पडदा काळा राहतो, नाहीतर गेम अंगच्याच ग्राफिक्सवर रडतखडत चालतो. मग फोन येतो, कार्ड डेड आहे. अडीचशे रुपयांचा एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर लावला.

ड्रायव्हर टाकून गेम सुरू केला आणि मागे कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत हे चालवलं :

```
nvidia-smi --query-gpu=power.draw,temperature.gpu,pcie.link.gen.current,pcie.link.width.current --format=csv -l 2
```

दर दोन सेकंदांनी चार आकडे येतात : कार्ड किती वॅट घेतंय, तापमान किती, स्लॉटची पिढी कुठली आणि लेन किती. हे गेम चालू असतानाच वाचायचं. डेस्कटॉपवर कार्ड वीज वाचवायला स्लॉटची पिढी 1 वर आणतं, आणि ते पाहून स्लॉट खराब आहे असं सांगणारे मला भेटलेत. आमच्याकडे गेममध्ये 3 आणि 16 आलं, म्हणजे योग्य स्लॉट, पूर्ण लेन. वीज 65 ते 70 वॅट. भिंतीतल्या प्लगला लावलेल्या वॅटमीटरवर संपूर्ण मशीन शांत असताना 38, गेममध्ये 150 च्या आसपास, आणि प्रोसेसर-कार्ड दोन्हींवर मुद्दाम पूर्ण ताण दिल्यावर 186. भिंतीतून घेतलेल्या विजेचा थोडा भाग सप्लायमध्येच उष्णता होऊन जातो, तेव्हा आतला खरा भार याहून कमीच. मशीन दोन तास एकदाही बंद पडलं नाही.

पण तापमान आवडलं नाही. झाकण उघडं असताना 68 अंश, झाकण लावल्यावर पाऊण तासात 82. `GPU-Z` मध्ये `PerfCap Reason` च्या रकान्यात मधूनमधून `Thrm` दिसू लागलं, म्हणजे गरमीमुळे कार्ड स्वतःचा वेग कमी करत होतं. आणि हे डिसेंबरातल्या थंडीत. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा काय?

कारण मजेशीर आहे. या डब्याचा पुढचा पंखा प्रोसेसरचं तापमान पाहून फिरतो. कार्ड तापलंय हे त्याला कळतच नाही, कारण कारखान्यातून निघताना इथे कार्ड असेल असं कुणी त्याला सांगितलेलं नाही. प्रोसेसर थंड, म्हणून पंखा निवांत, आणि कार्ड आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतं. बायोसमध्ये पंख्याचा वेग हवा तसा ठरवण्याची सोय नाही.

दोन उपाय केले. मॉनिटर 60 हर्ट्झचा, त्यामुळे सेकंदाला साठाहून जास्त फ्रेम काढून दिसणार काहीच नाही. ड्रायव्हरमध्ये फ्रेमची मर्यादा 60 लावली, तर त्याच गेममध्ये वीज पन्नासच्या आसपास आली. मग कार्डाच्या पंख्याचा वेग लवकर वाढेल असा आलेख आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये लावला, आणि डबा आडवा न ठेवता उभा, पंख्याची बाजू भिंतीपासून लांब ठेवायला सांगितलं. झाकण लावून तासाभराने 73. उन्हाळ्यात अजून सहासात अंश वाढले तरी चालेल.

रॅमची दुसरी आठ जीबीची पट्टी नऊशे रुपयांना मिळाली, ती मी आग्रहाने टाकायला लावली. एकाच पट्टीवर मेमरीची एकच वाट चालते. जुना प्रोसेसर तिथे अडतो आणि गेम सरासरीत नव्हे, मध्येच झटके देऊन मंदावतो. मुलाला हा फरक कार्डाइतकाच जाणवला. जीटीए 5 आता त्याच्या 1600 बाय 900 च्या पडद्यावर हाय सेटिंगला साठ धरून चालतं, व्हॅलोरंट तर सहज.

व्हॅलोरंटबद्दल मात्र त्याला सावध केलं. विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. चौथ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि या मशीनमधली सुरक्षेची चिप, टीपीएम, 1.2 ची आहे. विंडोज 11 वर हा गेम टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट मागतो. म्हणजे आज विंडोज 10 वर चालतोय तो पुढेमागे कार्डामुळे नव्हे, मशीनच्या वयामुळे बंद होईल. त्या दिवशी कार्ड काढून दुसऱ्या डब्यात न्यायचं. छोट्या पट्टीच्या जागी लांब पट्टी लागेल, म्हणून ती सांभाळून ठेव, असं म्हणून मी ती पिशवीत टाकली.

दुकानातून निघताना वडिलांनी विचारलं, त्यांच्या साहेबांकडे याच मॉडेलचा उंच टॉवर आहे, त्यात काय बसेल? 9020 च्या मिनी टॉवरमध्ये सप्लाय 290 वॅटचा असतो, पूर्ण उंचीचं कार्ड मावतं आणि हवाही बरी खेळते. पण मूळ सप्लायमधून कार्डाचा प्लग तिथेही निघत नाही. मूळ सप्लायवर मर्यादा तीच, स्लॉटचे 75 वॅट. फक्त अर्ध्या उंचीचं कार्ड शोधत बसावं लागत नाही आणि छोटी पट्टी लागत नाही. "आणा एकदा," म्हटलं, "पण कार्ड घेऊन नका येऊ. आधी नुसता डबा आणा."

ती तपकिरी पडलेली साटा वायर मुलाने मागितली होती. दिली नाही. खिळ्याला तिसरी म्हणून टांगली.